पहिल्या पाच ग्राहकांचा हिशेब

नव्या यंत्रासाठी बँकेकडे मुदत कर्जाचा अर्ज गेला की ताळेबंद, विक्रीकराची जुनी कागदपत्रे आणि जीएसटीची विवरणे यांच्यासोबत आणखी एक साधा कागद मागितला जातो. गेल्या वर्षी सर्वाधिक माल कोणत्या ग्राहकांनी घेतला, त्यांची नावे, रकमा आणि एकूण विक्रीशी त्यांचे प्रमाण, एवढाच त्यातील मजकूर. बँकेच्या भाषेत याला ‘कस्टमर कॉन्सन्ट्रेशन रिपोर्ट’ म्हणतात. आपण त्याला ग्राहक-अवलंबित्वाचा तक्ता म्हणू. संगणकावरील खतावणीतून तो पाच मिनिटांत निघतो, आणि पाच मिनिटांत निघतो म्हणूनच तो बहुधा चुकीचा असतो. बँकेची फसवणूक करण्याचा हेतू कोणाचाच नसतो. खतावणी खात्यांची असते, आणि खाते म्हणजे ग्राहक नव्हे, एवढेच त्याचे कारण.

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आढळतो तसा एक प्रातिनिधिक कारखाना उदाहरणासाठी घेऊ. फौंड्रीतून आलेल्या लोखंडी ओतकामावर यंत्रकाम करून ते पुढे देणे हा त्याचा व्यवसाय. दोन भावांनी उभा केलेला, आता थोरल्या भावाचा मुलगाही त्यात उतरलेला. वर्षाची विक्री, जीएसटी वगळून, ६ कोटी ४० लाख रुपये. खतावणीत चौदा ग्राहकांची खाती.

मुलाने काढलेला पहिला तक्ता असा होता. ट्रॅक्टरचे भाग जुळवणाऱ्या एका कंपनीचे पुण्याचे खाते १ कोटी १८ लाख, पंप बनवणारी कंपनी १ कोटी २ लाख, गिअरबॉक्स बनवणारी ९६ लाख, चौथे खाते ७४ लाख, पाचवे, व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांचे, ५८ लाख. त्यानंतर हायड्रॉलिक भागांचा एक ग्राहक ४८ लाखांचा आणि उरलेली आठ किरकोळ खाती मिळून १ कोटी ४४ लाख. सर्वांत मोठा ग्राहक म्हणजे विक्रीच्या १८ टक्क्यांहून थोडा अधिक. तक्ता पाहून काकांनी समाधानाने मान हलवली. एका माणसाच्या खांद्यावर घर नाही, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला.

थोरल्या भावाने मात्र चौथ्या ओळीवर बोट ठेवले. “हे कर्नाटकातले खाते कोणाचे?”

“अप्पा, ते त्याच ट्रॅक्टरवाल्यांच्या दुसऱ्या कारखान्याचे. राज्य वेगळे, म्हणून जीएसटी क्रमांक वेगळा, म्हणून खाते वेगळे.”

तक्त्यातील सर्वांत सामान्य चूक ती हीच, आणि ती दुरुस्त करण्याचे साधन प्रत्येक बिलावर छापलेले असते. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या ग्राहकाचा पॅन. जीएसटीआर-१ विवरणातून वर्षभराची ग्राहकवार बिले काढून खात्याच्या नावाऐवजी या मधल्या दहा अक्षरांवर त्यांची बेरीज केली, की पुणे, कर्नाटक आणि आणखी कोठे असतील ते सारे कारखाने आपोआप एका ओळीत येतात. विक्रीनंतर काढलेल्या क्रेडिट नोटा त्याच वेळी वजा कराव्या लागतात. दरफरकापोटी वर्षअखेरीस मोठ्या ग्राहकाला दिलेली सूट वेगळ्या खात्यात पडून राहिली, तर विक्री फुगलेली दिसते.

या बेरजेनंतर ट्रॅक्टरच्या ग्राहकाचा वाटा १ कोटी ९२ लाख, म्हणजे ३० टक्के झाला. पण पॅनवर थांबणेही पुरेसे नाही. किरकोळ आठ खात्यांत ३२ लाखांची एक कंपनी होती. तिचा पॅन निराळा, नाव निराळे. ती सुटे भाग बाजारात विकते, आणि तिची मालकी त्याच उद्योगसमूहाची आहे. खरेदीचा निर्णय एकाच टेबलावर होत असेल तर तो एकच ग्राहक. मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या ‘इंड एएस १०८’ या लेखामानकाची दृष्टी हीच आहे. उत्पन्नाचा १० टक्के किंवा अधिक भाग ज्या एका ग्राहकाकडून येतो त्याची रक्कम जाहीर करावी, नाव देणे सक्तीचे नाही, आणि एकाच नियंत्रणाखाली असल्याचे ठाऊक असलेल्या संस्था एकच ग्राहक धराव्यात, असे ते सांगते. छोट्या कारखान्यावर हे मानक बंधनकारक नाही. पण आपल्याच घरात वाचण्याच्या कागदाला तरी मोठ्यांची कसोटी लावायला हरकत नसावी. ३२ लाख मिळवल्यावर वाटा २ कोटी २४ लाख, म्हणजे नेमका ३५ टक्के झाला. सकाळी १८ वाटलेला आकडा दुपारपर्यंत जवळपास दुप्पट झाला होता, आणि एक रुपयाचाही धंदा कमी-अधिक झालेला नव्हता.

तिसरी गोष्ट कोणत्याही विवरणात सापडत नाही. ती कारखान्यातील माणसांनाच ठाऊक असते. गिअरबॉक्सच्या ग्राहकाला जाणाऱ्या ९६ लाखांच्या मालापैकी सुमारे दोन तृतीयांश माल ज्या गिअरबॉक्समध्ये बसतो, तो शेवटी त्याच ट्रॅक्टर कारखान्यात जातो. मालवाहू गाडी वेगळ्या पत्त्यावर जाते, बिल वेगळ्या नावाने फाटते, पण शेतकऱ्याने ट्रॅक्टर घेतला नाही तर दोन्हीकडचे काम एकाच आठवड्यात थंडावते. त्या ६४ लाखांसह हिशेब केला, तर वर्षाच्या विक्रीचे ४५ टक्के एकाच उत्पादनावर उभे आहेत असे दिसते. तक्त्याच्या मुख्य ओळीत ही रक्कम मिळवू नये, कारण तो ग्राहक खरोखरच वेगळा आहे, पैसेही वेगळे देतो. मात्र तळटीप म्हणून ती अवश्य लिहावी.

आता विक्रीचा आकडा स्वतःच कितपत भरवशाचा, हे पाहू. यंत्रकामाच्या धंद्यात दोन रीती असतात. एकीत ओतकाम ग्राहक पाठवतो आणि कारखाना फक्त मजुरीचे बिल काढतो. दुसरीत ओतकाम कारखान्याने स्वतः विकत घ्यायचे आणि मालासह बिल करायचे. पहिल्या रीतीतील एक लाखाची विक्री आणि दुसरीतील एक लाखाची विक्री यांची तुलना करणे म्हणजे शिलाई आणि कापडासकट शर्ट यांची किंमत एका रकान्यात लिहिणे. पंपवाल्यांचे १ कोटी २ लाख भरघोस दिसतात खरे. त्यातील ओतकाम, हत्यारांची झीज, यंत्रांनी खाल्लेली वीज आणि वाहतूक वजा केली तर कारखान्याच्या हातात ३० लाख उरतात. उलट पुण्याचे काम बहुतांशी मजुरीचे. त्यामुळे ट्रॅक्टर समूहाच्या २ कोटी २४ लाखांतून १ कोटी ४० लाख हातात राहतात.

सर्व ग्राहकांचा हिशेब याच रीतीने केल्यावर वर्षाला हातात राहणारी एकूण रक्कम २ कोटी ८० लाख निघाली. म्हणजे विक्रीत ३५ टक्के असलेला ग्राहक पगार, भाडे आणि हप्ते भागवणाऱ्या पैशात पुरता ५० टक्के होता. कामाच्या रीती मिश्र असतील तेथे विक्रीचा तक्ता बाजूला ठेवून हा दुसरा तक्ताच पुढे घ्यावा. बँकेला तो सहसा कोणी देत नाही, आणि बँकही तो सहसा मागत नाही.

या टप्प्यावर टक्केवारी सोडून एक सरळ भागाकार करायचा. कारखान्याचे काम चालो वा न चालो, द्यावे लागणारे पैसे, म्हणजे पगार, विजेचा स्थिर आकार, देखभाल, व्याज आणि चालू कर्जाचे हप्ते, वर्षाला २ कोटी ३२ लाख होते. २ कोटी ८० लाखांतून ते गेले की ४८ लाख उरत. त्यातूनच आयकर आणि दोन्ही घरांचा खर्च. ४८ ला १४० ने भागले असता ३४ टक्के येतात. मोठ्या ग्राहकाने काम पूर्ण बंद करण्याची गरजच नव्हती. एक तृतीयांश कमी केले तरी वर्षाची सारी शिल्लक संपत होती. गिअरबॉक्सचे काम त्याच वेळी त्याच प्रमाणात घटले, तर ही मर्यादा २९ टक्क्यांवर येत होती.

“पण इतके काम एकदम कसे घटेल?” असे काकांनी विचारले, आणि प्रश्न रास्त होता. त्या कंपनीशी पंधरा वर्षांचे संबंध होते. तथापि ट्रॅक्टरची मागणी पावसाच्या मागे धावते. देशातील ट्रॅक्टर विक्री २०२२-२३ मध्ये नऊ लाखांच्या पुढे गेली आणि पुढच्याच वर्षी सुमारे आठ टक्क्यांनी उतरली. आठ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. मात्र ही घट साखळीत खाली येताना मोठी होत जाते. मागणी मंदावली की मोठी कंपनी आधी गोदामातील साठा वापरते, त्यामुळे नवी मागणी विक्रीपेक्षा अधिक घटते. त्यानंतर ती आपल्या आवारातील यंत्रे रिकामी राहू नयेत म्हणून बाहेर दिलेले काम आत घेते. बाहेरच्या छोट्या कारखान्याकडे जे येते, ते या दोन्हींतून उरलेले. तेव्हा वर आठ टक्के आणि खाली तीस टक्के, यात कोणाचाही दुष्टावा शोधण्याचे कारण नाही.

कागदोपत्री संरक्षण किती, हेही त्या संध्याकाळी कपाटातून फाइल काढून पाहिले गेले. या व्यवसायात बहुधा ‘ओपन ऑर्डर’ असते. तिच्यात दर लिहिलेला असतो, नगसंख्या नसते. किती नग हवेत ते दरमहा येणाऱ्या वेळापत्रकातून, म्हणजे ‘शेड्यूल’मधून कळते, आणि ते शेड्यूल महिन्याच्या मध्यावरही बदलते. पंधरा वर्षांच्या संबंधांचा कायदेशीर अर्थ इतकाच होता, की पुढच्या तीस दिवसांचे काम बहुधा मिळेल.

येण्यांच्या यादीने चित्र पुरे झाले. ३१ मार्च रोजी सर्व ग्राहकांकडून येणे १ कोटी ५० लाख, त्यांपैकी ८४ लाख एकट्या ट्रॅक्टर समूहाकडे. विक्रीत ३५ टक्के, उधारीत ५६ टक्के. हे दोन आकडे शेजारी लिहिले की न विचारताच कळते, मोठा ग्राहक उशिरा पैसे देतो. जीएसटीसह हिशेब केला तर त्याची रक्कम सरासरी ११६ दिवसांनी येत होती. इतरांची ४९ दिवसांत. रोख कर्जाची मर्यादा ठरवताना बँका नव्वद दिवसांपलीकडची येणी सर्वसाधारणपणे धरत नाहीत. म्हणजे त्या ८४ लाखांतील सुमारे १९ लाखांवर एक पैसाही उचलता येत नव्हता. तेवढे भांडवल घरचेच अडकले होते.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ मध्ये सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावेत असे आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यामुळे अशी मुदत ओलांडलेली रक्कम खरेदीदाराला, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, खर्च म्हणून दाखवता येत नाही. तक्रारीसाठी संकेतस्थळही आहे. परंतु ज्याच्याकडून निम्मे पोट भरते त्याच्याविरुद्ध तक्रार कोण नोंदवतो? अवलंबित्वाची खरी किंमत येथे दिसते. हक्क असतो, तो बजावण्याची ऐपत नसते.

हा सारा खटाटोप ज्या यंत्रासाठी चालला होता, त्याकडे आता वळू. त्याच ट्रॅक्टर समूहाने एका नव्या हाउसिंगचे काम देऊ केले होते. त्यासाठी व्हीएमसी घ्यावी लागणार होती. किंमत फिक्स्चरसह ६२ लाख. सव्वापंधरा-साडेपंधरा लाख घरचे घालून उरलेल्या कर्जाचा हप्ता पाच वर्षे दरमहा सुमारे एक लाख येत होता, आणि तारण म्हणून थोरल्या भावाचे राहते घर ठेवायचे ठरत होते. काम आले तर वर्षाला आणखी ३० लाख हातात राहणार होते. हिशेबाची दुसरी बाजू अशी, की त्या ३० लाखांनी समूहाचा वाटा ५० वरून ५५ टक्क्यांवर जात होता. आणि नवे काम तोंडी आश्वासनापुरतेच राहिले, तर वर्षाचा १२ लाखांचा हप्ता ४८ लाखांच्या शिल्लकेतून गेल्यावर ३६ लाखच उरत होते. मग जुन्या कामातील एक चतुर्थांश घट शिल्लक पुसून टाकायला पुरेशी होती.

घरातील मत दुभंगले. काकांचे म्हणणे, आलेली लक्ष्मी परत पाठवू नये; आपण नाही म्हटले तर शेजारचा गाळा हो म्हणेल. यात तथ्य होते. अवलंबित्वाच्या तक्त्याकडे पाहून मोठ्या ग्राहकाला दुखावणे हा शहाणपणा नव्हे. एका ग्राहकाचे सलग काम म्हणजे यंत्राची कमी सेटिंगे, कमी रद्द माल, कारागिरांचा बसलेला हात. त्याउलट दहा छोटे ग्राहक धरले तर दर दोन दिवसांनी फिक्स्चर बदला, दहा ठिकाणी वसुलीला जा, आणि त्यातील एखादा बुडवा. ‘पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त एक ग्राहक नको’ यासारखे ठोकताळे ऐकायला बरे असतात. पण ओतकामाच्या गावात ट्रॅक्टर, पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यापलीकडे ग्राहक मुळातच मोजके आहेत.

म्हणून निर्णय होकार की नकार असा झाला नाही. यंत्र कोणते, हा झाला. कंपनीने सुचवलेल्या यंत्रावर हाउसिंगशिवाय फारसे काही बसले नसते. मुलाने थोड्या मोठ्या टेबलाचे, तितक्याच किमतीतले, जरा कमी वेगाचे यंत्र निवडले. त्यावर पंपाची बॉडीही धरता येत होती. फिक्स्चरचे सुमारे सहा लाख कंपनीने द्यावेत अशी विनंती पत्राने केली गेली. किमान नगसंख्येची हमीही मागितली. हमी मिळाली नाही. फिक्स्चरचे पैसे मात्र मिळाले, आणि सहा महिन्यांचे आगाऊ शेड्यूल देण्याचे कंपनीने मान्य केले. ते बंधनकारक नसले तरी पुढचा उतार दोन महिने आधी दिसावा, इतका त्याचा उपयोग होता. उशिराच्या पैशांसाठी तक्रारीऐवजी ‘ट्रेड्स’ या बिल-वटणावळीच्या मंचाचा मार्ग काढला. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तेथे नोंदणी करावी लागते. कंपनीने बिल तेथे मान्य केले की बँक ते वटवते आणि मुदतीनंतर कंपनीकडून वसूल करते. वटणावळ द्यावी लागते, पण ती अडकलेल्या भांडवलापेक्षा स्वस्त पडली. फिक्स्चरचा भार उतरल्याने कर्ज कमी लागले, आणि राहत्या घराऐवजी गाळा तारण ठेवून भागले.

पुढच्या मार्चचा तक्ता पाहून घरात आनंद झाला. समूहाचा वाटा ३५ वरून ३२ टक्क्यांवर आला होता. आनंद अर्धा तास टिकला. मुलाने टक्क्यांशेजारी रुपये लिहिले. एकूण विक्री ५ कोटी ९६ लाख, समूहाची १ कोटी ९० लाख, इतरांची ४ कोटी ६ लाख. मागील वर्षी इतरांची ४ कोटी १६ लाख होती. म्हणजे दुसरे ग्राहक वाढले म्हणून वाटा घटला नव्हता. ट्रॅक्टरचे वर्ष मंद गेले, समूहाची खरेदी ३४ लाखांनी उतरली, आणि इतरही दहा लाखांनी खाली होते. आजारी माणसाचे वजन उतरावे तसा तो आकडा उतरला होता. तेव्हापासून त्या घरातील तक्त्याला एक रकाना वाढला: मोठा ग्राहक सोडून उरलेली विक्री, रुपयांत.

तिसऱ्या वर्षी त्या रकान्यात ४ कोटी ५२ लाख आले. त्यांतील वाढीचे २८ लाख नव्या यंत्रावर बसवलेल्या पंपाच्या बॉडीचे आणि १८ लाख व्हॉल्व्हच्या एका नव्या ग्राहकाचे. समूहही सावरून २ कोटी ५ लाखांवर आला होता. त्याचा वाटा ३१ टक्के, उधारीतील वाटा ५६ वरून ४८. काकांनी तो कागद घडी घालून वहीत ठेवला आणि पंपवाल्यांची कर्नाटकात दुसरी शाखा निघते आहे, तिचे खाते उघडताना पॅन पाहून घ्या, असे सांगितले.